चिडवणं: सरांना केव्हा सांगावं आणि कसं

"मुलगा पाचवीपासून शेजारच्या गावच्या शाळेत जातो. आमच्या बोअरच्या पाण्यानं त्याच्या दातांवर पिवळे डाग आहेत. पोरं त्यावरून चिडवतात. आता शाळेत जायलाच नाही म्हणतो. सरांना सांगू की थांबू?"

ताई, सांगा, पण एकांतात. आमच्या यवतमाळकडच्या गावातही पाण्यात फ्लोराइड आहे, माझ्या पोरीनं हेच सोसलं. तिच्या शाळेच्या कार्यालयानं जे केलं, त्याचा राग अजून गेला नाही. मी तोंडी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी परिपाठात सगळ्यांपुढे तिला आणि त्या पोरांना उभं करून हात मिळवायला लावले. शाळेत चिडवणं थांबलं, पण एसटीत सुरू झालं, आणि त्यात "चुगलखोर" हे नाव वाढलं. नंतर विचारायला गेलो तर "मिटवलं ना" एवढंच उत्तर.

म्हणून वर्गशिक्षकांना शाळा सुटल्यावर भेटा. पोराला सोबत नेऊ नका. "माझ्या मुलाचं नाव वर्गात घेऊ नका" हे पहिलं वाक्य. मग नेमकं मागा: बाक बदला, डबा खायच्या जागी आणि फाटकाशी कोणी मोठं माणूस असू द्या, आठवड्यानं पुन्हा बोलू. "लक्ष ठेवा" एवढंच म्हटलं तर काही होत नाही. जाण्याआधी वहीत तारीख, जागा आणि शब्द लिहून ठेवा. मुलाला "कोण चिडवतं?" विचारलं की तो गप्प होतो, "मधल्या सुट्टीत कुठं बसतोस?" विचारलं की आपसूक सांगतो.

थांबायचं कधी? एखादा मित्र चिडवतो, आपला पोरगाही उलट चिडवतो आणि संध्याकाळी दोघं सोबत खेळतात, तेव्हा मध्ये पडू नये असं माझं मत. पण डबा तसाच परत येतो, तोंडावर हात ठेवून बोलतो, शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं, तर वाट पाहू नका. मारहाण, जातीवरून शब्द किंवा अंगाला नको तसा हात लागला असेल, तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे लेखी द्या. शिक्षकच त्या नावानं हाक मारत असतील तरी लेखीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मानसिक छळालाही मनाई आहे. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर तारखेसह पोच घ्या. पोच नसली की "अर्ज आलाच नाही" म्हणतात. तिथं हललं नाही तर शाळा व्यवस्थापन समितीच्या पालक सदस्याला धरा, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. मुलांसाठी १०९८ हा फोनही आहे. मी वकील नाही, माझ्या अनुभवापुरतं सांगतो.

आमच्याकडे खरा फरक पडला तो विज्ञानाच्या बाईंमुळे. त्यांनी कोणाचं नाव न घेता बोअरचं पाणी आणि दात हा धडा घेतला, दात हिरडीत तयार होत असतानाच हे डाग पडतात हे समजावलं. पोरं आपापल्या घरच्या पाण्याविषयी विचारायला लागली. तुमच्या सरांना हे सुचवून पाहा. आणि डाग काढायला राखेनं किंवा कोळशानं घासू देऊ नका, ते निघत नाहीत, वरचा थर मात्र झिजतो. दातांच्या डॉक्टरांना दाखवा.