डॅशबोर्डवर मुख्य आकडा आधी ठरवा, फिल्टर नंतर

पहिलाच डॅशबोर्ड आहे, तर आधी एक प्रश्न ठरवा. समजा प्रश्न आहे, ‘या आठवड्यात किती टक्के ऑर्डर उशिरा पोचल्या?’ मराठी आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून याचं उत्तर वर डाव्या कोपऱ्यात, पानावरच्या सर्वांत मोठ्या अक्षरात द्या. नुसतं ‘८.४%’ लिहून भागत नाही; खाली लहान अक्षरात ‘मागील आठवड्यात ६.१%’ हवंच, नाहीतर आकडा चांगला की वाईट हे कळत नाही.

नवशिक्यांची खरी गडबड फिल्टरमध्ये होते. फिल्टर जिथे दिसतो, त्याच्या खालचं सगळं त्यानेच बदलतं असं वाचणारा धरून चालतो. म्हणून:

- तारीख आणि विभाग सगळ्या पानाला लागू असतील, तर शीर्षकाखाली एकाच पट्टीत ठेवा; मुख्य आकडा लगेच त्याखाली.
- एकाच तक्त्याला लागू होणारा फिल्टर त्या तक्त्याच्या चौकटीतच ठेवा. तो वरच्या पट्टीत गेला, की माणूस ‘उत्तर विभाग’ निवडतो आणि न बदललेला एकूण आकडा उत्तर विभागाचा समजतो.
- सुरुवातीला तीन-चार फिल्टर पुरे. निवडलेला पर्याय मात्र कायम दिसू द्या.

मुख्य आकड्याखाली आठवड्यागणिक रेषालेख, मग विभागवार पट्ट्या, आणि अगदी तळाला ऑर्डरींचा तक्ता, सर्वाधिक उशीर झालेली ऑर्डर वर. लाल रंग फक्त मर्यादा ओलांडलेल्या आकड्याला द्या.

तपासणी सोपी आहे: पान कुणाला पाच सेकंद दाखवा, झाका, आणि काय आठवतं ते विचारा. ८.४% आठवला नाही, तर आधी आजूबाजूचे आकडे लहान करा.