स्पॅनिश: व्होय आ, साधा फ्युचर आणि अंदाज

प्रश्न: स्पॅनिशमध्ये उद्याचा प्लॅन सांगायला ‘व्होय आ’ वापरू की ‘कोमेरे’वाला फ्युचर? आणि आत्ताच्या गोष्टीला लोक फ्युचर का लावतात?

प्लॅन ठरलेला असेल तर बिनधास्त ‘व्होय आ’ लाव, मान्याना व्होय आ कोमेर एन कासा म्हणजे उद्या घरी जेवणारे, बोलताना सगळीकडे हेच चालतं, लॅटिन अमेरिकेत तर जास्तच. ‘कोमेरे’ म्हणजे ‘जेवेन’, असा साधा फ्युचर बातम्यांत, लेखी मजकुरात, वचन देताना जास्त दिसतो, चूक कुठलंच नाही.

अंदाजाचं मात्र मराठी माणसाला फुकटात मिळतं, आपण तेच करतो की! बेल वाजली, ‘कोण असेल?’ = किएन सेरा? ‘पोस्टमन असेल’ = सेरा एल कार्तेरो. ‘सात वाजले असतील’ = सेरान लास सिएते. आधी घडून गेलेल्याचा अंदाज असेल तर आब्रा घ्यायचं, ‘निघाला असेल’ = आब्रा सालीदो. इथे ‘व्हा आ’, म्हणजे ‘व्होय आ’चं ‘तो’साठीचं रूप, घालू नकोस, व्हा आ एस्तार एन कासा म्हटलं की ऐकणारा सहसा पुढचंच समजतो, म्हणजे तो नंतर घरी असणारे.

एस्तारा एन कासा, म्हणजे ‘तो घरी असेल’, नुसतं आलं तर बहुतेक अंदाज, सोबत मान्याना असेल तर उद्याचं.