कंडेन्स्ड आणि इव्हॅपोरेटेड दूध: आटवणं तेच, थांबायचं कुठे ते वेगळं

प्रश्न: ट्रेस लेचेस केकच्या रेसिपीत इव्हॅपोरेटेड मिल्क आणि कंडेन्स्ड मिल्क दोन्ही लिहिलंय. दोन्ही आटवलेलंच दूध ना? मग फरक काय? मी १ लिटर फुल क्रीम दूध आणि २०० ग्रॅम साखर घेऊन चांगलं घट्ट होईपर्यंत दीड तास आटवलं. फ्रिजमध्ये त्याचा दगड झाला आणि खाताना रेती लागते. काय चुकलं?

उत्तर:

दूध बरोबर घेतलंत, साखरही जवळजवळ बरोबर. चुकलं ते "घट्ट होईपर्यंत" या दोन शब्दांमुळे, आणि नंतर गार करताना. मी बरीच वर्षं डेअरीच्या प्रयोगशाळेत काढली, आता गिरगावात घरून केकच्या ऑर्डरी घेते. तुमचे दोन्ही प्रकार माझ्याही हातून झालेत. पहिल्या वेळचा दगड तर मी सुरीने कापून वड्या म्हणून खपवला होता.

आधी फरक. इव्हॅपोरेटेड म्हणजे नुसतं आटवलेलं दूध, त्यात साखर अजिबात नसते. साखर नाही म्हणजे टिकवायला दुसरं काहीतरी हवं, म्हणून डबा बंद करून तो उकळत्या पाण्याहूनही जास्त तापमानाला निर्जंतुक करतात. त्याचा किंचित बदामी रंग आणि शिजका वास तिथून येतो. डबा फोडला की ते साध्या दुधासारखंच नाशवंत, फ्रिजमध्ये ठेवून तीनएक दिवसांत संपवायचं. कंडेन्स्डमध्ये मात्र जवळजवळ ४५ टक्के साखर असते आणि तीच त्याला टिकवते. मुरांब्यासारखंच आहे ते: उरलेलं पाणी साखरेने इतकं धरून ठेवलेलं असतं की जंतूंच्या वाट्याला काही येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर इव्हॅपोरेटेड म्हणजे साखर घालण्याआधीची बासुंदी, आणि कंडेन्स्ड म्हणजे दुधाचा पाक.

म्हणून एकाच्या जागी दुसरं चालत नाही. ट्रेस लेचेसमध्ये कंडेन्स्ड गोडी आणि दाटपणा देतं, इव्हॅपोरेटेड त्याला इतपत पातळ ठेवतं की स्पंजमध्ये मुरावं. दोन्ही कंडेन्स्ड घातलंत तर केक वर चिकट आणि मध्ये कोरडा राहील.

इव्हॅपोरेटेडचे आयात डबे क्रॉफर्ड मार्केटला बेकिंगच्या दुकानांत कधी मिळतात, कधी नाही. पण ते घरी करणं सगळ्यात सोपं. फक्त परदेशी रेसिपीत लिहिलेलं "६० टक्के पाणी आटवा" हे आपल्या पिशवीला लावू नका. ते प्रमाण त्यांच्या गाईच्या दुधाचं. आपल्या फुल क्रीम पिशवीत ६ टक्के फॅट आणि ९ टक्के इतर घनपदार्थ, म्हणजे मुळातच १५ टक्के ऐवज असतो. इव्हॅपोरेटेडला साधारण २५ टक्के पुरे. त्यामुळे ६०० मिली फुल क्रीम आटवून ३५० मिली राहिलं की थांबा, तेवढ्यात रेसिपीतला एक डबा झाला. गाळून घ्या आणि मिक्सरमधून एकदा फिरवा, नाहीतर वर तुपाचे ठिपके तरंगतात.

आता कंडेन्स्ड. इथे हिशोब एकदा बघून घ्या, मग पुढचं आपोआप उलगडतं. १ लिटर फुल क्रीम दुधात साधारण १५५ ग्रॅम दुधाचा ऐवज असतो. त्यात २२० ग्रॅम साखर. तयार मालात पाणी राहायला हवं १३० ग्रॅमच्या आसपास. बेरीज झाली ५०५ ग्रॅम. म्हणजे कढईत ५०५ ग्रॅम उरलं की गॅस बंद, मग ते दिसायला कितीही पातळ असो. आणि ते पातळच दिसतं! गरम असताना ते मधापेक्षा सैल असतं, पळीवरून सलग धार पडते. गार झाल्यावरच दाटतं. तुम्ही गरम असतानाच डब्यातल्यासारखा दाटपणा यायची वाट बघितलीत. तोवर माझ्या अंदाजाने एकूण ४०० ग्रॅमच उरलं असेल. दुधाचा ऐवज आणि तुमची २०० ग्रॅम साखर मिळून ३५५ ग्रॅम, म्हणजे पाणी जेमतेम ४५ ग्रॅम. ही झाली कलाकंदाच्या पुढची पायरी.

म्हणून मी घड्याळ बघत नाही, वजन करते. रिकामी कढई आधी वजन करून आकडा लिहून ठेवायचा. माझी ११८० ग्रॅमची आहे, म्हणजे मला १६८५ वर थांबायचं. काट्यावर पोळपाट ठेवून तो शून्यावर आणते आणि त्यावर गरम कढई ठेवते, काटा तापत नाही. काटा नसेल तर कढईत ३९० मिली पाणी ओता, लाकडी कालथा उभा बुडवा आणि पाणी जिथवर आलं तिथे पेन्सिलने खूण करा. तयार माल पाण्यापेक्षा जड असतो, ५०५ ग्रॅमचं माप साधारण एवढंच भरतं.

करायचं असं. पसरट, जाड बुडाची कढई घ्या, लोखंडी नको. आधी पाण्याने विसळा, मग दूध ओता, खाली कमी लागतं. मध्यम आचेवर सतत कालथा फिरवत आणि कडेची साय आत मोडत दूध निम्मं होऊ द्या. साखर आत्ता घालायची, सुरुवातीला नाही. साखर लवकर पडली की ती जास्त वेळ शिजते, रंग पिवळा-तपकिरी होतो आणि खाली लागायची भीती वाढते. साखर विरघळली की मिश्रण पुन्हा पातळ होतं, तेव्हा घाबरू नका. यापुढे आच मंद करा आणि दर पाच मिनिटांनी वजन करा, शेवटचे पन्नास-साठ ग्रॅम भराभर उडतात. माझ्याकडे एकूण पाऊण ते एक तास लागतो. मग गरम असतानाच बारीक गाळणीतून गाळा.

खायचा सोडा चिमूटभर घाला असं बऱ्याच ठिकाणी वाचाल. दूध थोडं जुनं, आंबटपणाकडे झुकलेलं असेल तर ते फाटू नये म्हणून सोड्याचा उपयोग होतो. ताज्या दुधाला गरज नाही, उलट रंग लवकर चढतो. बाजारातल्यासारखा पांढरट रंग तसाही घरी येत नाही. कारखान्यात हवा काढून घेतलेल्या भांड्यात दूध ५०-६० अंशांनाच उकळतं. ही युक्ती जुनी आहे, अमेरिकेत गेल बोर्डनला त्याचं पेटंट १८५६ मध्ये मिळालं. आपली कढई १०० अंशांवर, तेव्हा सायीचा रंग येणारच.

आता रेती. ती तुमच्या साखरेची नाही, दुधाच्या स्वतःच्या साखरेची, म्हणजे लॅक्टोजची आहे. लॅक्टोज पाण्यात फार कमी विरघळतं. १ लिटर दुधात ते ५० ग्रॅमच्या आसपास असतं, आणि उरलेल्या १३० ग्रॅम पाण्यात गार झाल्यावर त्यातलं निम्मंही मावत नाही. उरलेल्याचे स्फटिक होणारच, ते कोणालाच टाळता येत नाहीत. बाजारच्या डब्यातही ते असतात, फक्त इतके बारीक की जिभेला कळत नाहीत. सावकाश आणि न ढवळता गार केलं की थोडेच पण मोठे खडे वाढत जातात. तुम्ही गरम बरणी ओट्यावर ठेवून मग फ्रिजमध्ये टाकली असणार.

यावर उपाय विरजणाचा! बाजारच्या कंडेन्स्डचा एक चमचा बाजूला ठेवा. त्यात बारीक स्फटिकांची तयार फौज असते. गाळलेल्या मिश्रणाचं पातेलं परातीतल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा. भांडं हाताला कोमट लागलं, म्हणजे मुंबईच्या हवेएवढं, ३० अंशांच्या आसपास आलं, की तो चमचा घाला आणि आणखी वीस मिनिटं ढवळा. लॅक्टोज या लाखो बारीक कणांवर वाटून बसतं, कोणताच खडा मोठा होत नाही. गरम असताना विरजण लावलंत तर कण विरघळून जातात आणि सगळं फुकट जातं. पुढच्या वेळी स्वतःच्याच गुळगुळीत झालेल्या घाण्यातला चमचा राखून ठेवला तरी चालतो.

तुमचा आत्ताचा दगड टाकू नका. त्यात १०० मिली गरम पाणी घालून भांडं उकळत्या पाण्यावर ठेवा आणि हलवत राहा. रेती पूर्ण गेली तर ती लॅक्टोजची होती, वरच्या पद्धतीने पुन्हा गार करा. मऊ गुठळ्या तशाच राहिल्या तर ते फाटलेलं प्रथिन किंवा साय, ते विरघळणार नाही. गाळा आणि खिरीत घाला.

ठेवण्याबाबत. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका. झाकणाला सुटलेलं पाणी वर पडतं, तेवढ्या थरातली साखर पातळ होते आणि बुरशी तिथूनच सुरू होते, पावसाळ्यात तर हमखास. कोरडी बरणी, कोरडा चमचा, आणि जागा फ्रिजमध्येच. मी दोन आठवड्यांच्या पुढे ठेवत नाही. डबा कारखान्यात सीलबंद असतो म्हणून बाहेर टिकतो, आपली बरणी तशी नसते. "कमी गोड" म्हणून साखर १५० ग्रॅमवर आणलीत तर चवीला छान लागेल, पण ती बासुंदी झाली. तीन-चार दिवसांत संपवा.

दुधाची पावडर, साखर, गरम पाणी आणि लोणी मिक्सरमध्ये फिरवून होणारं झटपट कंडेन्स्डही मी केलंय. बर्फीला चालतं. केकमध्ये पावडरचा वास येतो, मला नाही आवडत.

केक शनिवारी असेल तर हे गुरुवारी करा. फ्रिजमध्ये एक रात्र गेल्यावरच खरा दाटपणा कळतो. फार दाट वाटलं तर चमचाभर गरम दूध घालून सैल करायला शुक्रवार मोकळा राहतो.