अभिप्राय छोटा करताना कात्री कुठे लावावी?

प्रश्न: व्यायामवर्गाच्या माहितीपत्रकासाठी लोकांचे अभिप्राय आलेत. एकेक साधारण पाऊणशे शब्दांचा आहे आणि जागा पंचवीस शब्दांची. मधले शब्द गाळून तीन टिंबं दिली की झालं का? ‘पण’पाशी वाक्य तोडलं तर चालतं का? आणि इतकं कापल्यावर अवतरणचिन्हं ठेवावीत का?

उत्तर: टिंबं दिल्याने काही गाळलंय एवढंच कळतं. जे गाळलं त्याने अर्थ बदलला की नाही, हे टिंबं सांगत नाहीत. म्हणून आधी कापायचं काय ते ठरवू, टिंबांकडे नंतर येऊ. तुमच्याकडचे अभिप्राय माझ्यासमोर नाहीत, तेव्हा तशाच लांबीचा एक नमुना रचून घेतो:

“सुरुवातीला मला फारशी आशा नव्हती. पहिला महिना तर दुखणं वाढल्यासारखंच वाटलं आणि सोडून द्यावं असंही मनात आलं. पण शिक्षिका दर वेळी विचारायच्या, काय दुखतंय, कुठे दुखतंय, आणि त्याप्रमाणे व्यायाम बदलून द्यायच्या. तीन महिन्यांनी मी जिना बऱ्यापैकी न थांबता चढू लागले. त्याच सुमारास डॉक्टरांनी माझं औषधही बदललं होतं, त्यामुळे सगळं श्रेय व्यायामाला देता येणार नाही. आणि हे नियमित केलं तरच उपयोग आहे, मधे खंड पडला की पुन्हा दुखतं. वर्गाच्या वेळा जरा गैरसोयीच्या आहेत, पण शिकवणं अगदी मनापासून.”

माहितीपत्रक करणाऱ्याची नजर यातल्या जिन्याच्या वाक्यावर पहिली जाते आणि हाताखालून असं काहीतरी बाहेर पडतं: “तीन महिन्यांनी मी जिना न थांबता चढू लागले... सगळं श्रेय व्यायामाला.” यातला प्रत्येक शब्द बाईंचाच आहे आणि क्रमही त्यांचाच. टिंबंसुद्धा दिली आहेत. तरी त्या जे म्हणाल्या त्याच्या नेमकं उलट इथे छापलं गेलं.

हे इतक्या सहज घडतं, कारण मराठी वाक्याचा निकाल बहुधा शेवटी लागतो. क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागून. ‘सगळं श्रेय व्यायामाला’ इथपर्यंत वाचणाऱ्याला वाक्य होकाराकडे चाललंय असं वाटतं, ‘देता येणार नाही’ आल्यावर ते वळतं. ‘असं नाही’, ‘म्हणता येणार नाही’, ‘वाटलं होतं’, ‘असावं’, ‘म्हणे’ ही सगळी मंडळी वाक्याच्या शेपटीकडे बसतात. शेवटचे दोन-तीन शब्द जागेसाठी छाटले की नकार जातो, शंका जाते, ऐकीव गोष्ट स्वतःच्या अनुभवासारखी दिसू लागते. म्हणून वाक्य सुरुवातीकडून तोडलं तर एक वेळ निभावतं. शेपटाकडून तोडायचं असेल, तर मुख्य क्रियापद आणि त्याला चिकटलेला नकार हातात आहे ना, हे पाहूनच तोडावं.

दुसरी जागा म्हणजे ते छोटे शब्द, ज्यांच्यावर जागा वाचवणाऱ्याचा पहिला डोळा असतो. ‘बऱ्यापैकी न थांबता’मधला ‘बऱ्यापैकी’ गेला की पूर्ण बरं झाल्याचा दावा तयार होतो. ‘केलं तरच उपयोग आहे’मधून ‘केलं तरच’ उडालं की अट नाहीशी होते आणि उरतं नुसतं ‘उपयोग आहे’. ‘वाढल्यासारखंच वाटलं’चं ‘वाढलं’ केलं, तर बाईंनी जे मोजून-मापून सांगितलं होतं ते ठाम विधान बनतं, आणि इथे तर वर्गाच्याच विरोधात. ‘औषधही’मधला ‘ही’ एका अक्षराचा आहे, पण व्यायाम आणि औषध दोन्ही एकाच वेळी चालू होते हे तोच सांगतो. ‘जवळजवळ’, ‘निदान’, ‘माझ्यापुरतं’, ‘मात्र’, ‘तरी’, ‘फारसं’ हे सगळे याच जातीचे. यांना धक्का लावायचा नाही, असा मी तरी नियम करून ठेवला आहे. जागा कमी पडत असेल तर अख्खं वाक्य सोडावं, पण घेतलेल्या वाक्यातून हे शब्द उपटू नयेत.

बोलताना मधे मधे येणारं ‘म्हणजे’, ‘बरं का’, ‘असं आहे बघा’ किंवा अडखळून दोनदा आलेला शब्द हा वेगळा प्रकार. बोलणं लिहून घेतलेलं असेल तर हे बिनघोर काढावं, त्यासाठी टिंबंही नकोत. त्यात मत नसतं.

आता ‘पण’. तुमच्या प्रश्नातला हा सगळ्यात चांगला भाग, म्हणून त्यावर थोडं थांबतो. मराठीत ‘पण’ने जोडलेल्या दोन भागांत बोलणाऱ्याचा कल बहुतेक वेळा ‘पण’च्या नंतर असतो. “वेळा गैरसोयीच्या आहेत, पण शिकवणं अगदी मनापासून” आणि “शिकवणं अगदी मनापासून, पण वेळा गैरसोयीच्या आहेत” यात माहिती तीच आहे, तरी पहिली बाई वर्गाला पुन्हा येईल आणि दुसरी बहुधा येणार नाही. म्हणून ‘पण’च्या आधीचा भाग गाळून नंतरचा ठेवला तर कल शाबूत राहण्याची शक्यता बरीच असते. आधीचा ठेवून नंतरचा गाळला तर तो जवळजवळ नेहमीच उलटतो.

तेवढ्यावर मात्र विसंबता येत नाही. गाळलेली गोष्ट ठेवलेल्या गोष्टीला मर्यादा घालते का, हेही विचारायला हवं. वेळांची गैरसोय हा शिकवण्याहून स्वतंत्र विषय आहे. ती वगळल्याने ‘शिकवणं मनापासून’ हे विधान ना खोटं होत, ना फुगत. बाईंची प्रत्येक कुरकुर छापायला तुम्ही बांधील नाही. औषधाचं तसं नाही. त्याचा विषय नेमका तोच आहे, जिना का चढता आला. जिन्याचं वाक्य छापून औषधाचं गाळलं, तर वाचणारा कारण म्हणून वर्गच धरणार. आणि या दोन वाक्यांमध्ये तर ‘पण’ही नाही! तेव्हा ‘पण’ शोधत बसण्यापेक्षा ‘त्यामुळे’, ‘त्याच सुमारास’, ‘तरच’, ‘अर्थात’ असे पुढच्या-मागच्या वाक्याला हात घालणारे शब्द शोधावेत. ते जिथे दिसतील तिथे दोन्ही वाक्यं एकत्र घ्यावीत, नाहीतर दोन्ही सोडावीत.

या हिशेबाने नमुन्यातून मला दोन तुकडे निघताना दिसतात. पहिला:

“तीन महिन्यांनी मी जिना बऱ्यापैकी न थांबता चढू लागले. त्याच सुमारास डॉक्टरांनी माझं औषधही बदललं होतं, त्यामुळे सगळं श्रेय व्यायामाला देता येणार नाही.”

शब्द तेवीस, एकही टिंब नाही, सलग उचललेला. माहितीपत्रकात असं छापायला वर्गाचे चालक कचरतील, ते मी समजू शकतो. तसं असेल तर जिना पूर्ण सोडा आणि बाईंनी जे हातचं न राखता म्हटलंय ते घ्या:

“शिक्षिका दर वेळी विचारायच्या, काय दुखतंय, कुठे दुखतंय, आणि त्याप्रमाणे व्यायाम बदलून द्यायच्या. ... शिकवणं अगदी मनापासून.”

माझी पसंती दुसऱ्याला आहे. एक तर यात अट, शंका काहीच नव्हतं, म्हणून काही हरवत नाही. दुसरं म्हणजे ‘काय दुखतंय, कुठे दुखतंय’ या शब्दांत वर्ग कसा चालतो ते डोळ्यांसमोर येतं. जिना तर कुठल्याही व्यायामाच्या माहितीपत्रकात भेटतो.

टिंबांचं बघायला गेलं तर फार काही नाही. गाळलेली जागा तुकड्याच्या मधे असेल तिथेच ती लागतात. तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी नकोत, कारण अवतरण हा भागच असतो हे वाचणारा धरून चालतो. वरच्या दुसऱ्या तुकड्यात पहिलं वाक्य पुरं झालंय, म्हणून आधी त्याचा पूर्णविराम आणि मग टिंबं. पंचवीस शब्दांत दोनदा टिंबं द्यायची वेळ आली तर तुकडा चुकीचा निवडलाय असं समजा, आणि दुसरा सलग तुकडा शोधा. वाक्यांचा क्रम फिरवायचा नाही. टिंबं वगळल्याची खूण करतात, उलटापालट त्यांनी झाकली जात नाही.

कापल्यामुळे सर्वनाम लोंबकळत राहिलं तर तिथे चौकोनी कंस वापरावा, पण विभक्तीसकट. मूळ वाक्य ‘त्यांनी मला घाई केली नाही’ असेल तर ‘[शिक्षिकांनी] मला घाई केली नाही’. आपल्याकडे आणखी एक अडचण येते. भूतकाळात क्रियापद बऱ्याचदा कर्माप्रमाणे चालतं. ‘मी व्यायाम आणि चालण्याची सवय दोन्ही सांभाळली’ यातली सवय काढली की ‘मी व्यायाम सांभाळली’ असं अशुद्ध उरतं, मग क्रियापद बदलण्याचा मोह होतो. एका प्रत्ययाचा बदल कंसात दाखवून चालेल. दोन-तीन ठिकाणी करावा लागला तर ते वाक्य आता बाईंचं राहिलं नाही असं समजावं.

अशा वेळी अवतरणचिन्हं काढून आपल्या शब्दांत सांगावं: तीन महिन्यांनी जिना बऱ्यापैकी न थांबता चढता येऊ लागला, असं एक सहभागी सांगतात, त्याच काळात औषधही बदललं होतं, हेही त्या नोंदवतात. इथे व्याकरणातल्या पुरुषाकडे लक्ष द्या. ‘त्या म्हणतात की मी जिना चढू लागले’ असं लिहिलं तर चिन्हं नसूनही मराठी वाचकाला ते त्यांचेच शब्द वाटतात, कारण आपल्याकडे ‘की’नंतर बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच राहतो. सारांश द्यायचा असेल तर ‘मी’ जायला हवा.

मांडणी करणाऱ्याकडे मजकूर गेल्यावर एक कात्री पुन्हा लागते, तिच्यावर लक्ष ठेवा. तुकड्यातले तीन-चार शब्द ठळक केले, तर पत्रक चाळणारा तेवढेच वाचतो. पहिल्या तुकड्यात ‘न थांबता चढू लागले’ ठळक करणं म्हणजे औषधाचं वाक्य छापूनही गाळणंच.

छापण्याआधी मूळ अभिप्राय न वाचलेल्या कुणाला तरी तुकडा वाचायला द्या आणि विचारा, या बाईंचं वर्गाबद्दल मत काय दिसतं. मग मूळ मजकूर द्या. ‘अरे, हे तर तुकड्यात आलंच नव्हतं’ असं तोंडून निघालं तर जे सुटलंय ते आत घ्यावं लागेल. त्यानंतर तुकडा मूळ मजकुरासोबतच बाईंना पाठवा. नुसता तुकडा पाठवून ‘चालेल ना?’ विचारलं तर बहुतेक जण भिडेखातर हो म्हणतात. दोन्ही शेजारी ठेवले की काय गाळलंय ते त्यांना दिसतं. त्यांचा होकार लेखी घ्या, आणि मूळ अभिप्राय तारखेसह जपून ठेवा, कारण पुढच्या छपाईच्या वेळी कुणीतरी तुकड्याचाच आणखी तुकडा करायला बसेल, तेव्हा त्याने मुळापासूनच कापावं.