मूळ फोटोशी जुळणी मोजणारे पीएसएनआर आणि एसएसआयएम हे दोन्ही आकडे जास्त येतायत, तरी नव्या मॉडेलने मोठा केलेला फोटो जुन्यापेक्षा धूसर का दिसतो? विश्वास कशावर ठेवायचा?

डोळ्यांवर. पण मीटिंगमध्ये एवढं म्हणून भागत नाही, हे मी भोगलंय.

फोटो चौपट मोठा करणाऱ्या मॉडेलवर आमची टीम काम करत होती. शेवटी दोन आवृत्त्या उरल्या. माझ्या आवृत्तीत विणलेल्या स्वेटरचा टाका न् टाका दिसायचा. दुसरीत तोच स्वेटर मेणाचा लेप दिल्यासारखा गुळगुळीत. आकडे मात्र नेमके उलटे. माझा पीएसएनआर दीडेक डेसिबलने कमी आणि एसएसआयएमही खाली. टीम लीडनी फोटो उघडलेच नाहीत. तक्ता बघितला, "आकडे समोर आहेत" म्हणाले आणि विषय संपला. मला "अहो, पण दिसतंय ना!" यापलीकडे काही सुचलं नाही. त्या रात्री कागद-पेन घेऊन बसलो.

समजा, मूळ फोटोत एकेका पिक्सेलचे उभे पट्टे आहेत, उजळपणात एक ५० चा, एक १५० चा. लहान केलेल्या फोटोत ते पुसले गेले, उरला नुसता राखाडी रंग. आता मॉडेलला पट्टे आहेत एवढा अंदाज येईलही, पण पहिला पट्टा गडद की फिका, हे कळायला मार्ग नाही. धाडसी मॉडेल पट्टे काढून मोकळं होतं. जागा बरोबर लागली तर चूक शून्य. एक पिक्सेल सरकली तर प्रत्येक पिक्सेल १०० ने चुकतो, वर्ग १०,०००. दोन्ही शक्यता सारख्याच, म्हणजे सरासरी ५,०००. भित्रं मॉडेल सगळीकडे १०० भरतं. प्रत्येक पिक्सेल ५० ने चुकतो, वर्ग २,५००, आणि तो कायम तेवढाच. पीएसएनआर याच वर्गांच्या सरासरीवरून निघतो, त्यामुळे चूक निम्मी, म्हणजे ३ डेसिबलचा फायदा, तोही काहीच न काढता! पट्टे सरकलेला एकच फोटो घेतला तर अंतर आणखी वाढतं: त्याला ८.१३ डेसिबल, कोऱ्या राखाडीला १४.१५.

तुमचं मॉडेल याच वर्ग-चुकीवर शिकवलं असेल तर त्यानं चोख काम केलंय. खात्री नसेल तिथे सगळ्या शक्यतांची सरासरी काढायची, हेच त्याला शिकवलं. टोकदार चित्रांची सरासरी धूसरच येणार.

"म्हणून तर एसएसआयएम आहे," हे मला त्याच मीटिंगमध्ये ऐकवलं गेलं. २००४ साली तो आला तो पीएसएनआरच्या अशाच दोषांवर उपाय म्हणून, हे खरं. छोट्या खिडकीतली सरासरी, कॉन्ट्रास्ट आणि रचना तो बघतो. पण रचना म्हणजे काय, तर त्याच जागेवरचे पिक्सेल एकत्र वर-खाली होतात का. वरचेच पट्टे नेहमीचे स्थिरांक घालून मोजा: कोऱ्या राखाडीला सुमारे ०.०२, एक पिक्सेल सरकलेल्या पट्ट्यांना उणे ०.९८. बघणाऱ्याला दुसरं चित्र मूळाची नक्कल वाटेल, एसएसआयएमला ते शत्रू वाटतं. खऱ्या फोटोत इतकं टोक गाठलं जात नाही, पण केस, गवत, विणकाम इथे कल हाच असतो.

पुढे २०१८ मध्ये ब्लाउ आणि मिकाएली यांनी गणितानंच दाखवलं की एका हद्दीनंतर मूळाशी असलेली चूक आणखी कमी करायची तर चित्राचं नैसर्गिक दिसणं सोडावं लागतं. तो पेपर मी लीडना पाठवला. उत्तर आलं नाही.

तुमच्याकडेही कोणी तक्ता नाचवत असेल तर एक करा. बारीक पोत असलेला मूळ फोटोच एक पिक्सेल सरकवा, दुसरी प्रत हलकीशी ब्लर करा, आणि दोन्हींचे आकडे काढा. मग आकडे झाकून दोन्ही चित्रं शंभर टक्के झूमवर समोर ठेवा आणि चांगलं कुठलं ते विचारा. मला ही युक्ती दोन वर्षं उशिरा सुचली, नाहीतर तो स्वेटर वाचला असता. आकडाच हवा असेल तर एलपिप्स जोडीला लावा. तो पिक्सेलऐवजी न्यूरल नेटवर्कमधली वैशिष्ट्यं ताडतो, सरकणं या दोघांपेक्षा जास्त सोसतो.

हो, एक राहिलं. तोच फोटो, तोच कोडेक आणि फक्त बिटरेट बदलत असेल तर पीएसएनआर अजूनही कामाचा आहे, उगाच टाकून देऊ नका. आणि टोकदार म्हणजे खरं असंही नाही. आमच्याच चाचणीत एका यंत्रावरच्या छापील क्रमांकाचा फोटो होता. माझ्या मॉडेलने त्यातल्या ६ चा ८ केला होता, तोही अगदी कोरीव. दुसऱ्या आवृत्तीत तिथे नुसता डाग होता. लीडनी तो फोटो कधी उघडला नाही, आणि मीही दाखवला नाही.