स्वाहिली : साहिल अरबी, पण व्याकरण कुणाचं?

प्रश्न : "स्वाहिली" आणि हिंदी गाण्यांतला "साहिल" हे एकाच कुळातले शब्द आहेत का? असतील तर स्वाहिली ही अरबीचीच बोली म्हणायची का? पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या किल्वा, मोंबासा, लामू या दगडी शहरांना कुणी "अरब वसाहती" म्हणतं, कुणी "आफ्रिकी शहरं". मराठीत लिहिताना काय लिहावं?

शब्द एकाच कुळातले आहेत. अरबीत साहिल म्हणजे किनारा, त्याचं अनेकवचन सवाहिल. त्यावरून स्वाहिली म्हणजे किनाऱ्यांवरचा, आपल्याकडच्या "किनारपट्टीचा" या अर्थी. 1331 साली इब्न बतूता मोगादिशू, मोंबासा करत किल्व्याला गेला. त्याच्या वृत्तांतात सवाहिल हे मुलखाचं नाव म्हणून येतं. लोकांना आणि भाषेला ते पुढे चिकटलं.

पण नाव अरबी म्हणून भाषा अरबी ठरत नाही. स्वाहिली बांटू या आफ्रिकी भाषाकुळातली आहे, आणि हे ओळखायला एक शब्द पुरतो. अरबी किताब या भाषेत आला तो किताबु होऊन. या भाषेत की- हा वस्तूंच्या नामांना लागणारा प्रत्यय आहे आणि त्याचं अनेकवचन वी- लावून होतं. बोलणाऱ्यांनी किताबमधला कि हा आपलाच प्रत्यय धरला आणि अनेकवचन केलं विताबु! अरबी अनेकवचन कुतुब, त्याची इथे सावलीसुद्धा नाही. पुढे विशेषणही त्याच प्रत्ययाने जुळतं : चांगलं पुस्तक म्हणजे किताबु किझुरी, चांगली पुस्तकं म्हणजे विताबु विझुरी. आपण विशेषणाचा शेवट बदलतो, ते सुरुवात बदलतात. त्याच रीतीने म्स्वाहिली हा माणूस, वास्वाहिली ही माणसं आणि किस्वाहिली ही भाषा.

आकडेही पाहा. एक ते पाच म्हणजे मोजा, म्बिली, ततू, न्ने, तानो हे बांटू. सहा, सात आणि नऊ म्हणजे सिता, सबा, तिसा हे अरबी. मधला आठ, नाने, पुन्हा बांटू आणि दहा, कुमी, तोही बांटूच.

मग अरबी-फारसी शब्द भरले कुठून? समुद्रावरून, आणि तो समुद्र आपलाही आहे. बंदराला ते बंदारी म्हणतात, जहाजाला जहाझी, कप्तानाला नहोधा. हा नहोधा म्हणजे फारसी नाखुदा, आपल्या कोळीवाड्यातला नाखवा. अरबी मौसिमचा आपल्याकडे मोसम झाला, त्यांच्याकडे म्सिमु, अर्थ हंगाम. हे शब्द एकमेकांकडून घेतलेले असतीलच असं नाही. एकाच पाण्यावर ये-जा करणाऱ्यांनी ते दोन्ही किनाऱ्यांवर उतरवले.

वाऱ्यांची नावं मात्र मला सगळ्यांत बोलकी वाटतात. साधारण डिसेंबर ते मार्च उत्तरेकडून वाहतो तो कास्काझी. अरबस्तान, इराणचं आखात आणि गुजरातकडची गलबतं त्यावर खाली येत. एप्रिलपासून दक्षिणेकडून सुटतो तो कुसी, त्यावर ती परतत. आणि स्वाहिलीत उत्तर दिशा म्हणजे कास्काझिनी, दक्षिण म्हणजे कुसिनी. शेवटचा -नी हा आपल्या "-त" किंवा "-वर"सारखा स्थळ दाखवणारा प्रत्यय. दिशेचं नावच "कास्काझीकडे".

या वाऱ्यांनीच किल्व्याचं नशीब घडवलं. एका हंगामात येऊन, माल घेऊन त्याच वर्षी परतायचं तर उत्तरेकडच्या गलबताला साधारण किल्व्यापर्यंतच जाता येई. आणखी दक्षिणेला सोफाला, जिथे झिंबाब्वेच्या पठारावरचं सोनं किनाऱ्याला येई. तिथे जायचं तर परतीचा वारा हुकण्याची भीती. त्यामुळे सोफालाचं सोनं किल्व्याचे लोक स्वतः वर आणत आणि परदेशी व्यापारी ते किल्व्यात घेत. बदल्यात गुजरातचं सुती कापड, काचेचे मणी, चिनी मातीची भांडी. कापडाचा मान एवढा, की किल्व्याच्या दंतकथेत इराणमधल्या शिराझहून आलेला राजपुत्र अली किल्व्याचं बेट विकत घेतो तो त्याभोवती पुरेल इतकं कापड देऊन.

"अरब वसाहत" म्हणणारे याच दंतकथेवर बोट ठेवतात, म्हणून जमिनीखाली काय सापडलं तेही पाहू. लामूजवळच्या पाते बेटावर शांगा इथे उत्खनन झालं तेव्हा दगडी मशिदीखाली आधीच्या मशिदींचे थर लागले. सर्वांत खाली आठव्या शतकातली लाकडी खांबांची छोटी मशीद होती. वस्ती स्थानिक, घरं आधी लाकूड-मातीची. इस्लाम लवकर आला आणि दगड मागाहून, तिथल्या तिथे वाढत. 2023 साली या किनाऱ्यावरच्या मध्ययुगीन दफनांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मातांकडचा वारसा बहुतांश आफ्रिकी निघाला, बापांकडून मोठा वाटा इराणकडचा, थोडा भारताकडचाही. हा संकर साधारण इसवी सन 1000च्या सुमारास सुरू झालेला दिसतो. म्हणजे शिराझची गोष्ट अगदीच हवेतली नव्हती. पण येणारे व्यापारी इथल्या घरांत जावई झाले आणि मुलं आईची भाषा बोलली. किताबुचं विताबु होतं ते अशाच घरांत.

या शहरांतला "दगड" म्हणजे प्रवाळ. भिंतींना किनाऱ्यावरचा जुना, टणक प्रवाळखडक आणि चुना, तोही प्रवाळ भाजूनच केलेला. दाराच्या चौकटी आणि कोनाडे यांसाठी पाण्याखालचं जिवंत प्रवाळ कापून आणत. ओलं असताना ते मऊ असतं, नक्षी सहज कोरता येते, आणि वाळलं की कडक होतं. छताला खारफुटीचे वासे, त्यांना बोरिती म्हणतात. बोरिती जेवढा लांब तेवढीच खोली रुंद, म्हणून या घरांच्या खोल्या लांबट आणि जेमतेम अडीच-तीन मीटर रुंदीच्या असतात. हेच वासे गलबतांतून आखातात विकायला जात. आतल्या भिंतीत ओळीने कोनाडे, त्यांना विदाका म्हणतात (एक असेल तर किदाका, पुन्हा तेच व्याकरण). त्यांत चिनी वाडगे मांडलेले. बाहेरून आलेली वस्तू इथल्या प्रवाळात बसवलेली.

आता मराठीत काय लिहावं? "स्वाहिली शहरं" किंवा "स्वाहिली किनारा". "अरब वसाहती" टाळावं, कारण त्यातून बाहेरच्यांनी येऊन वसवल्याचा अर्थ निघतो. नुसतं "आफ्रिकी" चुकीचं नाही, पण अपुरं आहे. ओमानचं राज्य 17व्या शतकाच्या अखेरीस आणि झांझिबारची सुलतानी 19व्या शतकात, त्या काळासाठी "ओमानी" खुशाल लिहा. ओमानी अमलाआधीचा काळ आणि ओमानी काळ यांतला फरक खुद्द स्वाहिलीत नोंदलेला आहे. सुसंस्कृतपणाला जुना शब्द उउंग्वाना, म्हणजे शहरातल्या स्वतंत्र, घरंदाज माणसाची रीत, गुलामाच्या उलट. ओमानी अमलात त्याच्या शेजारी दुसरा शब्द रूढ झाला, उस्ताराबु, मूळ अर्थ अरबासारखं होणं. आज "संस्कृती, सभ्यता" यासाठी हाच चालतो, आणि त्याच्याही आरंभी भाववाचक नामं घडवणारा बांटू उ- आहेच.