समुपदेशन संपताना आभाराचं पत्र

ताई, समुपदेशन संपताना समुपदेशकाला आभाराचं पत्र लिहावं का, असं विचारलंत. जरूर लिहा. फक्त ‘तुमच्यामुळे आयुष्य बदललं’ एवढ्यावर थांबू नका, कारण त्यातून नेमकं काय बदललं ते समुपदेशकाला कळत नाही. एकच प्रसंग घ्या. तेव्हा काय व्हायचं आणि आता काय होतं, ते लिहा. असं काहीसं:

‘नवऱ्याने फोन उचलला नाही की मी चिडायचे, तो घरी आला की भांडायचे. आता छातीत धडधडायला लागलं की कळतं, रागाखाली भीती आहे, मी त्याला नकोशी झाले की काय याची. मग “काळजी वाटत होती” एवढंच सांगते.’

पहिल्यांदा लिहिताना दोन चुका हमखास होतात. सगळं श्रेय समुपदेशकाला दिलं जातं. पण ती धडधड ओळखायला तुम्ही शिकलात, तेही येऊ द्या. दुसरी म्हणजे ‘आता राग येतच नाही’ असं लिहून टाकणं. येतो हो! लवकर ओळखू येतो, हा खरा फरक.

निरोपाचं वाईट वाटत असेल तर तेही लिहा. जमलं तर शेवटच्या सत्रात स्वतःच वाचून दाखवा, म्हणजे त्यावर बोलताही येईल. महागडी भेटवस्तू मात्र नको, अनेक समुपदेशक ती घेत नाहीत.